चित्रातली आजी आजीसारखीच दिसायला हवी : पोर्ट्रेट छापायला देण्याआधीची तपासणी

ठाण्यात नौपाडा, गोखले रोड या भागात फोटो-फ्रेमच्या दुकानांत आता एक काम हमखास येतं. फोटो द्यायचा आणि त्यावरून तैलचित्रासारखं, जलरंगासारखं किंवा कार्टूनसारखं पोर्ट्रेट करून घ्यायचं. पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, अशा निमित्तांनी. चित्र एआय प्रोग्राम काही मिनिटांत करून देतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि नवीन माणूस नेमका तिथेच चुकतो, कारण चित्र पहिल्या नजरेला छान दिसतं. फ्रेम भिंतीवर लागल्यावर घरातलंच कोणीतरी म्हणतं, "आईचे डोळे असे नाहीत हो."

हा लेख त्या तपासणीबद्दल आहे. सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. आजी-आजोबांचा कमरेपासून वरचा फोटो आहे, घरच्या कार्यक्रमात हॉलमधल्या पिवळसर दिव्यांखाली मोबाइलवर काढलेला. आजी नऊवारीत, कानात मोत्याच्या कुड्या, कपाळावर गोंदण, हसताना बाजूचा एक पडलेला दात दिसतो. आजोबा सावळे, पांढरी टोपी, चष्मा. आजींचा हात आजोबांच्या हातात आहे. ऑर्डर तैलचित्र शैलीची, १२ × १८ इंच.

चूक कशाला म्हणायचं

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. चित्राची तुलना सुंदर चेहऱ्याशी करायची नाही, मूळ फोटोशी करायची. प्रोग्रामनं लाखो चेहरे पाहिलेले असतात आणि त्याचा ओढा नेहमी सरासरीकडे असतो. तो कधी हाताला सहावं बोट जोडतो, आणि या ओढ्यामुळे पडलेला दातही भरून टाकतो, गोंदण पुसतो, सावळा माणूस उजळ करतो. सहावं बोट सगळ्यांना दिसतं. भरलेला दात तुलना केल्याशिवाय दिसत नाही, आणि घरच्यांना सगळ्यात जास्त खटकतो तो हाच प्रकार.

शैलीमुळे झालेला बदल आणि चूक यांत फरक करायला एक साधी कसोटी आहे. शैली दोन्ही डोळ्यांना, दोन्ही माणसांना, चेहऱ्याला आणि हाताला सारखीच लागू होते. कार्टून शैलीत डोळे मोठे झाले तर दोन्ही सारख्या प्रमाणात व्हायला हवेत, आणि आजी-आजोबा दोघांचेही व्हायला हवेत. बदल एकाच जागी झाला असेल तर ती चूक समजा आणि मूळ फोटो उघडा.

बारीक भागच का बिघडतात

हे कारण कळलं की कुठे बघायचं तेही कळतं. दुकानांत वापरले जाणारे बरेचसे प्रोग्राम स्टेबल डिफ्यूजन जातीचे असतात. ते फोटो आधी लहान करतात, बहुतेक वेळा १००० पिक्सेलच्या आसपास, आणि नंतर त्यातला प्रत्येक ८ × ८ पिक्सेलचा तुकडा एका चौकटीत दाबून त्यावर काम करतात.

आता आपला फोटो घ्या. मोबाइलवरून आलेला मूळ फोटो ३००० × ४००० पिक्सेल आहे आणि आजींचं डोकं हनुवटीपासून केसांपर्यंत ६२० पिक्सेल उंच आहे. माणसाच्या बुबुळाचा व्यास साधारण १२ मिलिमीटर असतो, प्रौढ माणसांत त्यात फार फरक पडत नाही, आणि डोक्याच्या उंचीच्या तो अंदाजे एकोणिसावा भाग भरतो. म्हणजे मूळ फोटोत आजींचं बुबुळ ३३ पिक्सेलचं. प्रोग्रामनं फोटो लहान केला की डोकं २०० पिक्सेलच्या आत येतं, बुबुळ १० पिक्सेलचं होतं आणि सगळं बुबुळ एक-दीड चौकटीत मावतं. एवढ्या जागेत बाहुली, कड, चमक काहीच उरत नाही. प्रोग्राम डोळा बघून काढत नाही, अंदाजानं काढतो. दात आणि बोटांची पेरं यांचंही तेच. नंतर चित्र मोठं करताना या अंदाजालाच धारदार पापण्या फुटतात, म्हणून तो खरा वाटतो.

फोटो व्हॉट्सॅपवरून साध्या दर्जात आला असेल तर त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरलेली असते. चित्र करून घ्यायला ती चालून जाईलही, पण तुलनेसाठी तुमच्याकडे आजींचं जेमतेम १३ पिक्सेलचं बुबुळ उरतं. अशा वेळी ग्राहकाला सांगा, "काका, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा." या एका वाक्यानं पुढची अर्धी दुरुस्ती वाचते.

मांडणी

गिंप किंवा फोटोशॉप, जे असेल ते उघडा. खाली मूळ फोटो, वर तयार चित्र, असे दोन लेअर ठेवा. वरच्या लेअरची अपारदर्शकता ५० टक्के करा आणि एका माणसाच्या चित्रातल्या दोन्ही बाहुल्या फोटोतल्या बाहुल्यांवर बसतील असा तो सरकवा, गरज पडली तर लहान-मोठा करा. मग अपारदर्शकता पुन्हा १०० करा. यापुढे वरच्या लेअरच्या नावाजवळचं डोळ्याचं चिन्ह चालू-बंद करत राहायचं. शेजारी-शेजारी ठेवून बघण्यापेक्षा हे फार वेगळं आहे. एकाच जागी चित्र आणि फोटो आळीपाळीनं आले की जी गोष्ट हलली ती लगेच नजरेत भरते, भुवई उचलली गेली की अक्षरशः उडी मारल्यासारखी दिसते.

स्क्रीनचा नाइट मोड बंद करा. लॅपटॉप खिडकीच्या उजेडात ठेवू नका. ठाण्यातल्या पावसाळी दुपारी खिडकीतून निळसर उजेड येतो आणि संध्याकाळी दुकानातला पिवळा बल्ब लागतो, तेव्हा त्याच चित्रातली त्वचा दोनदा दोन रंगांची वाटते. रंगाची तपासणी रोज एकाच दिव्याखाली करा.

सुरुवात झूम करून करू नका. पूर्ण चित्र स्क्रीनवर हाताच्या पंजाएवढं करा आणि ओळख पटते का ते बघा. मग ते आडवं उलटं करा. गिंपमध्ये त्यासाठी Image > Transform > Flip Horizontally आहे. सतत पाहून नजर सरावते. उलट्या चित्रात हनुवटी एका बाजूला ओढलेली, एक डोळा खाली सरकलेला, हे ताबडतोब दिसतं. बघून झालं की चित्र परत सरळ करायला विसरू नका.

इथेच एक वेगळी चूकही सापडते. सेल्फी कॅमेऱ्याचे काही फोटो मुळातच आरशातल्यासारखे उलटे असतात. नथ डाव्या नाकपुडीत, पदर डाव्या खांद्यावर, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. चित्रात ते उजवीकडे गेलं असेल तर आधी मूळ फोटो बघा, तोच उलटा आहे का, आणि घरच्यांना विचारून मगच सरळ करा.

डोळे

आता २०० टक्के झूम. एका वेळी एकच डोळा बघू नका, दोन्ही एकत्र स्क्रीनवर राहतील असं बघा, कारण बहुतेक चुका डोळ्यात नसतात, दोन डोळ्यांतल्या फरकात असतात.

पहिली गोष्ट चमक, म्हणजे कॅचलाइट. बुबुळ ही घड्याळाची तबकडी समजा. मूळ फोटोत डाव्या डोळ्यात चमक अकरावर असेल तर उजव्या डोळ्यातही ती अकराच्या आसपासच असते, कारण दिवा एकच आहे. हॉलमध्ये दोन दिवे असतील तर दोन्ही डोळ्यांत दोन-दोन ठिपके. प्रोग्राम एका डोळ्यात अकरावर आणि दुसऱ्यात दोनवर ठिपका ठेवतो, किंवा एका डोळ्यात खिडकीसारखी चौकोनी चमक काढतो. ही चूक माणसाला शब्दांत सांगता येत नाही, पण "कुठेतरी बघताहेत असं वाटत नाही" असं म्हणतात ते बहुधा यामुळे.

दुसरी गोष्ट नजर. बाहुलीच्या मध्यापासून नाकाकडच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर दोन्ही डोळ्यांत मोजा आणि मूळ फोटोतल्या प्रमाणाशी ताडून बघा. चित्रात एक बुबुळ दोन-तीन पिक्सेल बाहेर सरकलं तरी तिरळेपणा जाणवतो. पण मूळ फोटोतच थोडा तिरळेपणा असेल तर तो आपल्या मनानं सरळ करायचा नाही, घरच्यांना विचारायचं.

तिसरी गोष्ट पापणी. शांत चेहऱ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा थोडा भाग झाकते. वर पांढरं दिसू लागलं की माणूस दचकल्यासारखा दिसतो. वय झालेल्यांची वरची पापणी आणखी खाली उतरलेली असते आणि प्रोग्राम ती उचलून देतो. तसंच वयस्कर माणसांच्या बुबुळाभोवती अनेकदा राखाडी कड येते. ती डाग नाही, त्या डोळ्याचाच भाग आहे. मूळ फोटोत असेल तर चित्रातही हवी.

बुबुळाच्या रंगात दोन्ही दिशांनी घोळ होतो. गडद तपकिरी डोळे चित्रात मधाळ होतात, आणि कोणाचे खरोखर घारे डोळे असतील तर ते तपकिरी होतात. घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला घरात सगळे त्याच डोळ्यांवरून ओळखतात, तेव्हा ही चूक चालत नाही.

चष्मा वेगळा तपासा. दूरचं न दिसणाऱ्यांच्या चष्म्यात काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकलेली दिसते. जवळचा जाड नंबर असेल तर डोळा मोठा दिसतो. आजोबांच्या चष्म्यात हे दुसरं आहे. प्रोग्राम काच रिकामी समजून डोळा नेहमीच्या मापाचा काढतो आणि आजोबा दहा वर्षांनी तरुण होतात. शिवाय काड्या कानामागे जातात की मध्येच केसांत विरतात, दोन्ही फ्रेमचा आकार एकच आहे का, हेही बघायचं.

मान वळलेली असेल तर एक अपवाद लक्षात ठेवा. दूरचा डोळा अरुंद दिसणं बरोबर आहे. तो जवळच्या डोळ्याएवढा रुंद काढला असेल तर तीच चूक.

डोळा बिघडला असेल तर हातानं रंगवत बसण्यापेक्षा मूळ फोटोतून फक्त चेहऱ्याचा चौकोन कापा, डोकं चौकोनाच्या साधारण दोन तृतीयांश उंचीचं राहील असा, आणि तेवढाच पुन्हा त्याच शैलीत चालवा. आता बुबुळ १० ऐवजी ३५ पिक्सेलच्या आसपास येतं, चार-पाच चौकट्या मिळतात आणि निकाल एकदम बदलतो. बदलाची ताकद, जिला बऱ्याच प्रोग्राममध्ये denoising strength म्हणतात, ती ०.३ ते ०.४ च्या दरम्यान ठेवा. ०.६ च्या वर गेलात की चेहरा दुसऱ्याचा होऊ लागतो. तयार झालेला चेहरा आधीच्या चित्रावर बसवा आणि कड मऊ मास्कनं, म्हणजे लेअरचा कोणता भाग दिसावा ते ठरवणाऱ्या पडद्यानं, मिसळा.

दात

दात मोजू नका. हसताना किती दिसतात ते माणसागणिक बदलतं आणि मोजण्यात गोंधळ होतो. मध्यापासून बाहेर जा. वरचे पुढचे दोन सगळ्यात रुंद, त्यांच्या बाजूचे दोन अरुंद, त्यापुढे टोकदार सुळे. सुळ्यापर्यंत हा क्रम दोन्ही बाजूंना बरोबर असेल तर पुढचं सावलीत गेलेलं चालतं. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे अगदी मधोमध एक दात, म्हणजे पुढचे दोनऐवजी तीन. दुसरी म्हणजे सारख्या रुंदीच्या बारीक दातांची कणसासारखी रांग. तिसरी, वरची आणि खालची रांग एकमेकींत मिसळणं.

काही शैलींत दात वेगळे काढतच नाहीत, एक पांढरट पट्टा असतो. तो चालतो, पण मग आजोबांनाही पट्टाच हवा.

आजींचा पडलेला दात चित्रात भरून आलेला आहे. इथे स्वतः निर्णय घेऊ नका. ऑर्डर देणाऱ्या बाईंना सरळ विचारा, "काकू, आजींचा हा दात फोटोत नाही, चित्रात तसाच ठेवायचा ना?" बहुतेक घरं हो म्हणतात. कोणी भरून हवा म्हटलं तर भरा, पण तो त्यांचा निर्णय असायला हवा.

दातांचा उजळपणा एका झटक्यात तपासता येतो. शेजारी आजोबांची पांढरी टोपी आहे. दात टोपीपेक्षा पांढरे दिसत असतील तर ते जास्त पांढरे झालेत. ओठांच्या आत सावली असते, तिथली कोणतीही गोष्ट बाहेरच्या पांढऱ्या कापडाहून उजळ नसते.

हात

दोघांचे हात एकमेकांत गुंतलेले असले की प्रोग्रामला कोणतं बोट कोणाचं तेच कळत नाही. त्यासाठी वर एक रिकामा लेअर घ्या, लाल ब्रश घ्या आणि प्रत्येक नखापासून रेघ ओढत त्या बोटाच्या मुळापर्यंत, तिथून मनगटापर्यंत या. आजींच्या बोटाची रेघ आजोबांच्या तळव्यात संपली तर बोट चुकीच्या हाताला जोडलेलं आहे. रेघ मध्येच कुठे जावी ते कळेना, तर ते बोट हवेत आहे.

दिसणारी बोटं पाचापेक्षा कमी असणं ही चूक नाही, काही मागे लपतात. जास्त असणं मात्र चूक आहे, मूळ फोटोतच सहावं बोट नसेल तर. प्रत्येक बोटाला तीन पेरं आणि अंगठ्याला दोन, हे वाकलेल्या बोटांवर बघा. प्रोग्राम वाकलेल्या बोटाला कधी चौथं पेर देतो आणि ते सापासारखं वळतं. अंगठा कोणत्या बाजूला आहे ते मूळ फोटोवर ठेवून बघा. उजव्या हाताला डाव्याचा अंगठा लागलेला असतो आणि घाईत तो दिसत नाही.

दागिने आणि मेंदी चुका झाकतात, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. हिरव्या बांगड्या मनगटाच्या मागे जाताना तुटतात किंवा त्वचेत शिरतात. अंगठी दोन बोटांवर एकदम चढते. मेंदीच्या नक्षीत बोटांमधली फट गायब होते.

हातासाठी दुरुस्तीची ताकद चेहऱ्यापेक्षाही कमी ठेवा, ०.२५ ते ०.३५. मूळ हात कापून तेवढाच वेगळा शैलीत चालवला की बोटं जागच्या जागी राहतात आणि फक्त रंगाचे फटकारे बदलतात. तरीही बिघडत असेल तर मूळ फोटोतले हातच ठेवून त्यावर ब्रशचा पोत चढवणं जास्त चांगलं. थोडा कमी रंगलेला पण बरोबर हात कोणालाही खटकत नाही.

असमतोल

कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. आजोबांची एक भुवई वर आहे, आजींचं हसू डावीकडे जास्त आहे. हे जपायचं आहे. शोधायचा आहे तो नवीन आलेला असमतोल, आणि जुना नाहीसा झाला असेल तर तोही.

मोजपट्टीचं साधन घ्या, गिंपमध्ये Shift+M. दोन बाहुल्यांमधल्या रेषेचा कोन मोजा, मग तोंडाच्या दोन कोपऱ्यांमधल्या रेषेचा. मूळ फोटोत मान कललेली आहे म्हणून दोन्ही ४ अंशांच्या आसपास येतात. चित्रात डोळे ४ अंशांवर आणि तोंड १ अंशावर आलं तर प्रोग्रामनं तोंड सरळ करून टाकलंय, आणि जबडा मुरगळल्यासारखा का वाटतो त्याचं उत्तर मिळतं.

जोडीच्या वस्तू एकेक करून ताडा. दोन्ही कुड्यांचे मोती सारखे आहेत का, मंगळसूत्राच्या दोन वाट्यांची मिळून एकच झाली आहे का, कान एकाच उंचीवर आहेत का. मंगळसूत्राच्या वाट्यांची चूक फार वेळा होते आणि ती घरातल्या बायकांना पहिल्या सेकंदात दिसते.

त्वचेचा रंग

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. डोळा इथे फसतो. मागची पार्श्वभूमी गडद झाली की चेहरा आपोआप उजळ वाटतो, तेव्हा नुसतं बघून ठरवायचं नाही, आकडे घ्यायचे.

गिंपमध्ये रंग उचलण्याचं साधन घ्या, Sample average चालू करा, म्हणजे एका पिक्सेलचा रंग न घेता आजूबाजूची सरासरी घेतली जाईल. ब्रशच्या फटकाऱ्यांच्या चित्रात एक पिक्सेल काहीच सांगत नाही. माहितीच्या खिडकीत CIE LAB निवडा. फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरला 31 by 31 Average द्या आणि Info मध्ये Lab Color ठेवा. L म्हणजे उजळपणा, ० काळा आणि १०० पांढरा. a वाढला की लाली वाढते, b वाढला की पिवळेपणा वाढतो.

आजींच्या कपाळावर, चमक आणि सावली दोन्ही टाळून, गोंदणाच्या बाजूला आकडे घेतले. मूळ फोटोत L ४८, a १७, b २४. चित्रात L ५८, a १४, b १९. आजोबांच्या कपाळावर मूळ L ४१, चित्रात ५७.

यातून घाईनं निष्कर्ष काढू नका. सगळं चित्रच उजळ झालेलं असू शकतं किंवा हॉलचा पिवळा दिवा प्रोग्रामनं दुरुस्त केलेला असू शकतो, आणि ते चूक नाही. म्हणून टोपीचा आकडा घ्यायचा. टोपीचा मूळ रंग L ८६, a २, b ९ होता. चित्रात L ८७, a २, b ८. म्हणजे उजेड जवळपास आहे तसाच आहे. बदलली ती फक्त त्वचा, तेव्हा ही चूकच.

आता कोणत्या प्रकारची ते बघू. a आणि b यांचं एकमेकांशी प्रमाण साधारण तेच राहिलंय, दोन्ही सारखेच घटलेत. म्हणजे रंगाची जात बदलली नाही, ना लालसर झाली ना हिरवट. त्वचा फक्त उजळ आणि फिकट झाली, पावडर लावल्यासारखी. दुसऱ्या एखाद्या चित्रात L तेवढाच राहून b घसरला आणि a वाढला तर त्वचा गुलाबी झालेली असते, हा दुसरा नेहमीचा प्रकार, आणि त्याची दुरुस्ती वेगळी.

पण या उदाहरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा अजून सांगितलेला नाही. मूळ फोटोत आजी गव्हाळ, आजोबा सावळे, दोघांच्या L मध्ये ७ चा फरक. चित्रात तो १ उरला. घरातल्या लोकांना या दोघांचा वर्ण एकमेकांच्या संदर्भात माहीत असतो. कुटुंबाच्या चित्रात प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून ठेवा आणि माणसामाणसांतला फरक टिकला की नाही ते आधी बघा. सगळी त्वचा थोडी उजळली तर एखाद्या वेळी शैली म्हणून चालून जाईल, सगळे एकाच वर्णाचे झाले तर नाही.

दुरुस्ती प्रत्येक माणसाची वेगळी करायची, कारण आजींना L १० खाली हवाय आणि आजोबांना १६. चित्राच्या लेअरची प्रत घ्या, त्या माणसाच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर मास्क काढा, कड मऊ ठेवा, आणि Curves मध्ये मधला भाग खाली ओढा. वरचं टोक हलवू नका, नाहीतर नाकावरची आणि कपाळावरची चमक जाऊन चेहरा मातकट होतो. सावळ्या त्वचेचं रूप त्या चमकेत असतं. उजळपणा जागेवर आला की a आणि b पुन्हा वाचा. फिकटपणा उरला असेल तर मूळ फोटोचा लेअर वर आणून त्याच मास्कमध्ये LCh Color या मोडवर, फोटोशॉपमध्ये Color मोडवर, ठेवा आणि अपारदर्शकता ३० ते ५० टक्क्यांत खेळवा. रंग फोटोतून येतो, फटकारे चित्राचे राहतात.

आकडे तंतोतंत जुळवायचा हट्ट नको. L मध्ये दोन-तीनचा फरक तैलचित्रात सहज खपतो. मग मानेवर, गालावर आणि हाताच्या पाठीवर आकडे घ्या. चेहरा सुधारला आणि हात उजळच राहिले, ही दुरुस्तीतूनच जन्मलेली चूक फार होते.

याच टप्प्यावर गोंदण, तीळ, जुने व्रण बघा. त्वचा गुळगुळीत करताना प्रोग्राम ते डाग समजून पुसतो. आजींचं गोंदण मूळ फोटोतून उचलून परत बसवा. त्याचा रंग काळा नसतो, त्वचेखालून आलेला हिरवट-निळा असतो. काळ्या ब्रशनं काढलेलं गोंदण टिकलीसारखं दिसतं.

छापायला देताना

१२ × १८ इंचाला ३०० पिक्सेल प्रति इंच धरून फाइल ३६०० × ५४०० हवी. आपल्या उदाहरणात छापल्यावर आजींचं बुबुळ जेमतेम पावणेचार मिलिमीटरचं येतं. म्हणजे ४०० टक्के झूमवर दिसलेली पापणीची बारीक खोट तिथे दिसणारच नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. चमकेची जागा आणि नजर मात्र चार फुटांवरूनही कळते.

सगळी छपाई करण्याआधी एक नमुना काढा. चित्रातला १२०० × १८०० पिक्सेलचा तुकडा कापा, ज्यात एक पूर्ण चेहरा आणि जमलं तर हात येतील, आणि तो ४ × ६ इंचावर त्याच कागदावर छापून घ्या. मापं तीच राहतात, तेव्हा मोठ्या फ्रेममध्ये जे दिसणार तेच हातात येतं. फाइल sRGB या रंगपद्धतीत द्या आणि छपाईच्या लॅबला स्पष्ट सांगा, "कलर करेक्शन नको." अनेक लॅबमध्ये मशीन प्रत्येक फोटो आपोआप उजळवतं, आणि तुम्ही तासभर खपून आणलेला आजोबांचा सावळा रंग तिथे परत पाच मिनिटांत जातो. नमुना दुकानातल्या दिव्याखाली आणि एकदा बाहेर दिवसाच्या उजेडात बघा. कागदावर चित्र स्क्रीनपेक्षा थोडं गडद येतं. तेवढंच असेल तर दोन्ही चेहरे आणि टोपी सगळंच सारखं उचला, एकट्या त्वचेला हात लावू नका.

ग्राहकाला नमुना दाखवताना मूळ फोटोही मोबाइलवर उघडून शेजारी धरा, आणि शक्यतो रोज त्या माणसाबरोबर राहणाऱ्या कोणालातरी दाखवा.